कुजबूज ऐकू येत नाही, दणका मात्र शेजारपर्यंत जातो: टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू येण्यासाठी काय करायचं

सिनेमा सुरू झाला की माझा मेहुणा रिमोट खाली ठेवतच नाही. गॅलरीत उभं राहून दोघं हळू बोलायला लागली की व्हॉल्यूम ३४. पुढच्या मिनिटाला गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की घाईघाईनं १६. आतल्या खोलीत पोरगी झोपलेली असते, त्यामुळे ही कसरत आणखीच जिवावर येते. टीव्हीचे स्पीकर बेकार आहेत असं ठरवून त्यानं दिवाळीत एक साउंडबार आणला, सोबत सबवूफर. झालं असं की संवाद होते तिथेच राहिले आणि दणका दुप्पट झाला.

दोष टीव्हीचा नव्हता आणि साउंडबारचाही नव्हता. चार ठिकाणच्या सेटिंग एकमेकींशी जुळत नव्हत्या, एवढंच. त्याच्याकडे बसून जे केलं तेच इथे क्रमानं सांगतो. ब्रँड वेगळा असला की मेनूतली नावं थोडी बदलतील, पण क्रम हाच ठेवा. आधी नाइट मोड लावून मग फॉरमॅट शोधायला गेलात, तर नेमकं कशानं काय बदललं ते कळणार नाही.

तक्रार एक, आजार दोन

‘संवाद ऐकू येत नाहीत’ म्हणणाऱ्या माणसाला दोनपैकी एक गोष्ट सतावत असते.

पहिली म्हणजे संवाद आणि पार्श्वसंगीत एकाच वेळी चालू असतं आणि संगीत संवादांवर चढतं. तेच पात्र शांत खोलीत बोललं तर शब्दन् शब्द कळतो, पण मागे व्हायोलिन सुरू झाली की अर्धं वाक्य हरवतं. हा बहुतेक वेळा फॉरमॅटचा, म्हणजे आवाजाच्या मांडणीचा प्रश्न असतो.

दुसरी म्हणजे शांत प्रसंग फार शांत आणि मोठा प्रसंग फार मोठा. कुजबूज ऐकण्यासाठी आवाज वाढवला की पुढच्या प्रसंगात कान फुटायची वेळ. ही हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराची गोष्ट आहे आणि नाइट मोड तिच्यासाठीच असतो.

हा फरक लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, कारण नाइट मोड पहिल्या आजारावर चालत नाही. तो साधारणपणे सगळा आवाज एकत्र धरून दाबतो किंवा उचलतो. संगीत आणि संवाद एकाच क्षणी वाजत असतील तर दोन्ही सारखेच खाली जातात, संगीत वरचढ ते वरचढच राहतं. ‘नाइट मोड लावला, काही फरक पडला नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध घेत असतात. मेहुण्याला दोन्ही होते.

हे होतं कशामुळे

सिनेमाचं ध्वनिमिश्रण बहुधा ५.१ मध्ये होतं. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन, आणि ‘.१’ म्हणजे फक्त खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठीचा एक. असे सहा वेगवेगळे चॅनेल. चॅनेल म्हणजे इथे बातम्यांचा चॅनेल नव्हे, आवाजाची एक स्वतंत्र ओळ. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनेलमध्ये असतात, संगीत डाव्या-उजव्यात पसरलेलं आणि पाऊस, गर्दी, गाड्या चहूकडे. थिएटरात मधला स्पीकर पडद्याच्या मागे स्वतंत्र असतो, त्यामुळे कानाला संवाद वेगळे काढता येतात.

घरी दोनच स्पीकर असले की या सहा ओळी दोनांत घालाव्या लागतात. रूढ हिशोब असा: डाव्या स्पीकरमध्ये डावा चॅनेल पूर्ण, अधिक मधला ०.७०७ पट, अधिक मागचा डावा ०.७०७ पट. उजवीकडेही तसंच. घुमणारा ‘.१’ बहुधा टाकून दिला जातो. हे तिन्ही आवाज एकाच क्षणी पूर्ण जोरात आले तर बेरीज २.४१४ होते, म्हणजे स्पीकर फाटल्यासारखा वाजेल. ते टाळायला काही उपकरणं आधीच सगळं २.४१४ नं भागून ठेवतात. मग प्रत्येक स्पीकरमध्ये संवादांच्या वाट्याला मूळच्या ०.२९३ पट उरतं, तीस टक्क्यांहूनही कमी. सगळंच मंद वाटतं म्हणून आपण व्हॉल्यूम चढवतो, आणि त्याबरोबर संगीतही चढतं.

हा हिशोब तसा चुकीचा नाही. संवाद आणि संगीत यांचं प्रमाण कागदावर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वेगळेपण. आधी तीन-पाच दिशांनी येणारा आवाज आता दोनच तोंडांतून संवादांच्या अंगावर येतो.

दुसऱ्या आजाराचं मूळही मिश्रणातच आहे. नेटफ्लिक्सकडे कार्यक्रम द्यायचा तर, डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा शून्य धरून, संवादांची सरासरी पातळी उणे २७ डेसिबलच्या आसपास ठेवावी लागते आणि सर्वांत मोठा क्षण उणे २ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे साध्या बोलण्याच्या वर २५ डेसिबलची मोकळीक. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज ढोबळमानानं दुप्पट वाटतो, यावरून काय ते समजा. शांत खोलीत, मोठ्या स्पीकरवर हे भव्य वाटतं. आपल्याकडे डोक्यावर पंखा पाचवर, स्वयंपाकघरात मिक्सर आणि खिडकीखाली रिक्षा. कुजबूज पंख्याखालीच बुडते.

सुरुवात करण्यापूर्वी

ओळखीचा एक प्रसंग निवडा. दोन मिनिटं पुरेत, पण त्यात हळू बोलणं हवं, संगीतावरचं बोलणं हवं आणि एक दणका हवा. पंखा रोज असतो तेवढ्यावरच ठेवा, बंद करू नका. मग दोन आकडे कागदावर लिहा: हळू बोलणं विनासायास कळायला व्हॉल्यूम किती लागतो, आणि दणक्याच्या वेळी तो किती असला तर घरच्यांना त्रास होत नाही. मेहुण्याकडे आकडे आले ३४ आणि १६. फरक १८. हा फरक कमी करायचा, एवढंच आपलं काम.

आताच्या सगळ्या सेटिंगचे फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

एक झटपट चाचणीही करा. बातम्या लावा. निवेदकाचं बोलणंच पोकळ किंवा कोंदट येत असेल तर फॉरमॅट सोडा, आधी स्पीकर कुठे ठेवलाय ते बघा. साउंडबार शोकेसच्या कप्प्यात आत सरकवलेला असेल तर पुढच्या कडेला आणा. त्याच्यासमोर फोटोफ्रेम, फुलदाणी असेल तर हलवा. याला पैसे लागत नाहीत आणि कधी कधी एवढ्यावरच काम भागतं.

आधी वायर

एचडीएमआय वायर असेल तर हा भाग सोडून पुढे जा. पण बाजारातून आणलेला होम थिएटर संच टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून जोडला असेल, तर ती पिन पूर्ण आत गेली आहे ना ते दाबून बघा.

पिन अर्धवट बसली किंवा तिची दोन्ही बाजूंना सामायिक असलेली ग्राउंडची तार तुटली तर एक विचित्र प्रकार होतो. डाव्या आणि उजव्यात जे समान असतं ते एकमेकांना खोडतं आणि फक्त फरक ऐकू येतो. संवाद दोन्हीकडे समान असतात, त्यामुळे नेमके तेच नाहीसे होतात. खूण सोपी आहे: एखादं गाणं लावा. गायक गायब आणि वाद्यं छान वाजताहेत, कराओकेसारखं, तर वायरच आहे. लांबून कोणीतरी विहिरीतून बोलल्यासारखा प्रतिध्वनी तेवढा उरतो. अशा वेळी कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. शंभर-दीडशेची नवी वायर घ्या.

तुमच्याकडे मधला स्पीकर आहे का

फॉरमॅटचा सगळा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो. साउंडबारच्या खोक्यावरचा आकडा बघा. २.० किंवा २.१ असेल तर मधला स्पीकर नाही; २.१ मधला ‘.१’ हा सबवूफर. ३.१ किंवा ५.१ असेल तर आहे. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर वापरत असाल तर तुम्ही दोनवाले आहात असं धरून चाला. ‘सराउंड’, ‘थ्रीडी साउंड’ असे शब्द खोक्यावर कितीही मोठे छापलेले असले तरी तिकडे लक्ष देऊ नका. आकडा काय ते सांगतो.

दोनच स्पीकर असतील तर सहा ओळींचा सिग्नल मागवायचाच कशाला? स्टिरिओ मागवा. मधला स्पीकर खरोखर असेल तर उलट करायचं: ५.१ चा सिग्नल त्याच्यापर्यंत अखंड पोचला पाहिजे, नाहीतर मधला स्पीकर पैसे देऊनही रिकामाच बसतो.

ॲपमधला ट्रॅक

चित्र चालू असताना भाषा आणि सबटायटलचा मेनू उघडा. काही ॲपमध्ये एकाच भाषेचे दोन ट्रॅक दिसतात, एकापुढे 5.1 आणि दुसऱ्यापुढे काहीच नाही. काहीच नसलेला तो स्टिरिओ. दोन स्पीकरवाल्यांनी तो निवडून तोच प्रसंग परत ऐकावा. स्टिरिओ ट्रॅक आधीच तयार असतो, त्यामुळे सहाचे दोन करण्याचं काम तुमच्या उपकरणावर राहत नाही.

प्राइम व्हिडिओवर काही इंग्रजी कार्यक्रमांना याच मेनूत Dialogue Boost: Medium आणि Dialogue Boost: High असे जादा ट्रॅक असतात. २०२३ पासून ही सोय आहे. तिथे खरोखर संवाद उचललेले असतात, नुसता एकूण आवाज नाही. Medium पुरतं. High ला पार्श्वसंगीत मागे गेल्याचं कळतं आणि प्रसंग थोडा कोरडा वाटतो. मराठी-हिंदीसाठी हे दिसलं नाही तर शोधत बसू नका, पुढे चला.

स्टिक किंवा बॉक्समधलं आउटपुट

इथे दोन शब्द वारंवार भेटतील. ‘पीसीएम’ म्हणजे टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकनं स्वतःच आवाज उलगडून तयार पाठवणं. ‘डॉल्बी’ किंवा ‘पास-थ्रू’ म्हणजे बांधलेलं पार्सल तसंच पुढे पाठवणं. ते साउंडबारनं किंवा टीव्हीनं उघडायचं.

फायर टीव्हीवर Settings, मग Display & Sounds, मग Audio मध्ये Surround Sound ही ओळ सापडेल. ती बहुधा Best Available वर असते. दोन स्पीकरवाल्यांनी PCM करावं. गूगल टीव्हीवर Display & Sound मध्ये Advanced sound settings, त्यात Select formats; तिथे None म्हणजे सराउंड कधीच पाठवू नको. ॲपल टीव्हीवर Video and Audio मध्ये Audio Format, तिथे Change Format चालू केलं की Stereo निवडता येतं.

मग टीव्हीकडे वळा. स्टिक टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडलेला असेल तर वाटेत टीव्हीचंही मत लागतं. सॅमसंगमध्ये Sound, मग Expert Settings मध्ये Digital Output Audio Format. एलजीमध्ये आवाजाच्या प्रगत सेटिंगमध्ये Digital Sound Output. दोन स्पीकरला PCM, मधला स्पीकर असेल तर Auto किंवा Pass-Through. एक लक्षात ठेवा: ऑप्टिकल वायर आणि साधं एआरसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतून टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेण्याची सोय, यांतून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. म्हणजे ५.१ चा संच असताना टीव्ही PCM वर ठेवलात तर मधल्या स्पीकरच्या वाट्याला स्वतःचं काहीच येत नाही.

मेहुण्याची स्टिक Best Available वर, टीव्ही Pass-Through वर आणि साउंडबार २.१. सहा ओळींचं पार्सल अखंड येत होतं आणि ते मोडून दोनांत बसवण्याचं काम साउंडबार करत होता. दोन्हीकडे PCM केलं, तोच प्रसंग लावला. आता हळू बोलणं ३० वर कळत होतं आणि दणका १८ वर सहन होत होता. फरक १८ वरून १२.

बदलानंतर ओठ आणि आवाज पुढेमागे वाटले तर घाबरू नका. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत Audio Delay, AV Sync किंवा Lip Sync अशी ओळ असते, तिनं जुळवून घ्या.

साउंडबारचे मोड

रिमोटवर MOVIE, MUSIC, NEWS, VOICE अशी बटणं असतात. सिनेमा बघतोय म्हणून सगळे MOVIE दाबतात, आणि खरी मेख तिथेच असते. स्वस्त साउंडबारमध्ये MOVIE म्हणजे बास वाढवणं आणि आवाज कृत्रिमपणे बाजूंना पसरवणं. पसरवण्याच्या नादात मधोमध येणारे संवाद पातळ होतात.

VOICE किंवा NEWS मध्ये बास कमी होतो आणि ज्या पट्ट्यात व्यंजनं ऐकू येतात तो वर येतो. स, श, च, त, ख हे आवाज कानापर्यंत पोचले की वाक्य कळतं. स्वर कितीही मोठे असले तरी त्यांनी फक्त ‘कोणीतरी बोलतंय’ एवढंच समजतं. सराउंडचं किंवा थ्रीडीचं वेगळं बटण असेल तर बंद करा. सबवूफरची पातळी दोन-तीन घरं खाली आणा. तो भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला असेल तर बाहेर काढा, कारण कोपरा बास फुगवतो.

टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर हेच काम Sound Mode मध्ये होतं. एलजीत Clear Voice नावानं, सोनीच्या बऱ्याच टीव्हींत Voice Zoom नावानं.

मेहुण्याकडे MOVIE वरून VOICE केलं, वूफर तीन घरं खाली आणला. आकडे २७ आणि १८. फरक ९. संगीतावरचं बोलणं आता नीट कळत होतं, म्हणजे पहिला आजार बराचसा गेला. उरला दुसरा.

नाइट मोड

नाइट मोड म्हणजे मोठे आवाज खाली आणायचे, हळू आवाज वर उचलायचे. नावं बरीच आहेत: Night Mode, Night Sound, DRC, Dynamic Compression, Auto Volume, Reduce Loud Sounds. शेवटचं ॲपल टीव्हीवर Video and Audio मध्येच मिळेल.

डॉल्बीच्या पार्सलमध्ये आवाजाबरोबर एक चिठ्ठीही येते. संवादांची पातळी किती हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि त्या पातळीच्या वरचं किती दाबायचं, खालचं किती उचलायचं तेही. नाइट मोड चालू केला की पार्सल उघडणारं उपकरण त्या चिठ्ठीप्रमाणे वागतं. संवादांची पातळी मध्याला धरलेली असल्यामुळे बोलणं जागच्या जागी राहतं आणि बाकीचं त्याच्या जवळ सरकतं. म्हणून तो बराच सुबक लागतो.

पण आपण तर स्टिकला PCM करून बसलो! पार्सल स्टिकमध्येच उघडलं गेलं, चिठ्ठी तिथेच राहिली. काही साउंडबार चिठ्ठीशिवायही आपल्या अंदाजानं आवाज दाबतात, त्यांना काही फरक पडत नाही. मेहुण्याचा त्यातला नव्हता. बटण दाबलं, पडद्यावर NIGHT उमटलं, आणि दणका होता तेवढाच. दोनदा चालू-बंद करून एकच जागा ऐकली. काडीचाही फरक नाही. तुमच्याकडे असंच झालं तर बटण बिघडलं असं समजू नका, त्याला डॉल्बी सिग्नल मिळत नाहीये.

मग त्यानं टीव्हीतला Auto Volume चालू करून बघितला. तोही व्यर्थ. टीव्हीच्या आवाजाच्या बऱ्याच सेटिंग फक्त टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरसाठी असतात, साउंडबारकडे जाणाऱ्या आवाजाला त्या हात लावत नाहीत. काही टीव्हींत बाहेरचा स्पीकर जोडला की त्या ओळी फिक्या पडतात, तेव्हा निदान कळतं तरी. इथे ओळ चालू दिसत होती, म्हणून दहा मिनिटं त्यात गेली.

शेवटी उलट केलं. स्टिक परत Best Available, टीव्ही परत Pass-Through, पण या वेळी साउंडबार VOICE वर, वूफर खालीच आणि NIGHT चालू. आता आकडे आले २५ आणि २०. फरक ५. म्हणजे सुरुवातीचीच फॉरमॅटची सेटिंग, पण बाकीचं बदलल्यावर ती नाइट मोडसाठी उपयोगी पडली. त्याच्याकडे आता दोन मांडण्या आहेत. दिवसा PCM आणि VOICE, कारण त्यात गाणी जास्त मोकळी वाजतात. रात्री डॉल्बी, VOICE आणि NIGHT. फॉरमॅट बदलायला रिमोटची सहा-सात बटणं दाबावी लागतात. ते त्याला परवडतं. माझ्या आईकडे मी असं काही ठेवलं नसतं, तिथे रात्रीचीच मांडणी कायम ठेवली असती.

नाइट मोड जास्त झाला की कसं ओळखायचं

दणका संपल्यावर एक-दोन सेकंद सगळं दबलेलं राहतं आणि मग पावसाचा किंवा रहदारीचा आवाज हळूहळू फुगत वर येतो. कोणीतरी व्हॉल्यूम फिरवतंय असं वाटतं. शांत प्रसंगात मागची सूं-सूं अचानक ठळक होते. तबला, ढोलकी यांची थाप बोथट लागते. असं झालं की एक पायरी खाली या. डेनॉन, मरांट्झच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे अनेक स्पीकर चालवणाऱ्या खोक्यात, Dynamic Compression ला Low, Medium, High अशा पायऱ्या असतात. Low पासून सुरुवात करा. संगीत ऐकताना मात्र तो पूर्ण बंद.

आणि एकाच वेळी दोन ठिकाणी दाबू नका. ॲपल टीव्हीवर Reduce Loud Sounds आणि साउंडबारवर NIGHT, असं दोन्ही लावलं की पहिल्यानं सपाट केलेलं दुसरा पुन्हा सपाट करायला जातो.

मधला स्पीकर असलेल्यांसाठी

तुमचं काम सोपं आहे. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकरची चाचणी असते, ती प्रत्येक स्पीकरमधून खरखर वाजवून दाखवते. मधल्यातून काहीच आलं नाही, तर संवाद कुठे जात होते ते कळलं. मागची तार निघालेली असेल, किंवा मेनूत मधला स्पीकर ‘आहे’ असं लिहिलंय आणि प्रत्यक्षात जोडलेलाच नाही. स्पीकर नसेल तर मेनूत Center ला None करा, म्हणजे रिसीव्हर संवाद डाव्या-उजव्यात वळवतो. सगळं ठीक असेल तर मधल्याची पातळी २ किंवा ३ डेसिबल चढवा. त्याहून जास्त चढवली की बोलणं पडद्यापासून सुटून कपाळावर आल्यासारखं वाटतं.

एवढं करूनही

काही बोलणं कळणार नाही. नट पुटपुटला असेल, पावसात जागेवरच ध्वनिमुद्रण केलेलं असेल, दिग्दर्शकाला ते अस्पष्टच हवं असेल, तर कुठलीही सेटिंग तिथे शब्द घालू शकत नाही. अशा वेळी सबटायटल लावा. उघड्या फरशीची, पडदे नसलेली रिकामी खोली असेल तर जाड पडदा आणि एक सतरंजी यांनी घुमणं कमी होतं. साउंडबार बदलण्याआधी ते करून बघा.

आणि फोटो पुसू नका. टीव्हीचं किंवा स्टिकचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की काही सेटिंग परत मूळपदावर जाऊ शकतात. मेहुण्याचा महिन्याभरानं फोन आला, ‘परत सोळा-चौतीस चालू झालंय.’ त्याला म्हटलं, फोटो काढ. साउंडबार रात्रीतून MOVIE वर गेला होता. पण ते अपडेटमुळे नव्हतं; पोरीनं बटण दाबलं होतं.